पेन्सिलीतले गुण

शाळेत तिला सगळे निकालबाई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण सव्वीस वर्षांत ते फक्त पगाराच्या दिवशी कोणाच्या तरी तोंडी यायचं. कचेरीतल्या कोपऱ्यातलं टेबल तिचं, त्यामागचं लोखंडी कपाट तिचं, आणि वर्षाच्या शेवटी शाळेतल्या सगळ्या पोरांचं काय होणार हे सांगणारे लांबलचक तक्ते तिच्या हातचे. बेरजा अशा की यंत्रानं लाजावं. स्वभावानं तशी गोड, पण तक्त्यात खाडाखोड दिसली की तिच्यासमोर मुख्याध्यापकही जपून बोलायचे.

मागच्या वर्षी तिच्याच तक्त्यात तिचीच नात नापास झाली.

नातीला घरात ठमी म्हणत. लेक नोकरीसाठी परगावी, तेव्हा ठमी लहानपणापासून आजीपाशीच. नववीत तीन विषय गेले. वर्षभर चाचण्यांत पास, पास, पास, आणि शेवटी एकदम धाडकन. ठमी आठ दिवस जेवली नाही आणि नवव्या दिवशी जेवली ती बोलायची थांबून. आता त्याच वर्गात दुसरं वर्ष. एकाच इयत्तेत दोनदा नापास झालं की ही शाळा दाखला हातात देते. म्हणजे हे वर्ष शेवटचं.

"अहो, वर्षभर कोणाला काहीच कसं दिसलं नाही?" निकालबाई दुपारच्या सुट्टीत संगणकाच्या सरांना म्हणाली. हे सर तरुण, अंगावर शर्ट कायम चुरगळलेला, पण डोकं चांगलं.

"दिसणार कसं बाई? गणिताचे गुण गणिताच्या वहीत, विज्ञानाचे विज्ञानाच्या. सगळ्या वह्या एकत्र येतात तुमच्या तक्त्यात, आणि तो होतो वार्षिक परीक्षेनंतर. वरातीमागून घोडं!"

"मग आधी कसं आणायचं हे घोडं?"

सरांनी तिला पडद्यावर दाखवलं. त्याला ते डॅशबोर्ड म्हणत होते. एका ओळीत एक मूल, उभ्या घरांत चाचण्या. कुठली चाचणी वीसची, कुठली पंचवीसची, म्हणून सगळ्याचे टक्के काढायचे. पस्तिसाच्या खाली गेलं की घर लाल, पन्नासच्या खाली पिवळं, वर हिरवं. गैरहजर पोराला शून्य धरायचं नाही, 'गै' लिहायचं आणि सरासरीतून वगळायचं, नाहीतर तापात पडलेलं पोर ढ ठरतं. चाचणी झाल्यावर तीन दिवसांत वर्गशिक्षकासमोर लाल घरं.

निकालबाईचा जीव त्या लाल घरांत अडकला. शाळा उघडून आठवडा झाला होता, येत्या सोमवारपासून तिसऱ्या आठवड्यात पहिली चाचणी. त्याआधी परवानगी हवी, कारण सत्राची सुरुवात हुकली की मग तुलना कशाशी करणार?

"मुख्याध्यापकांना पत्र लिहा," सर म्हणाले. "अख्ख्या शाळेचं नाव काढू नका, घाबरतील. एक इयत्ता, एक सत्र, तीन विषय. आणि नमुना जोडा. मागच्या वर्षीची नववी भरून बघू. तुम्ही वाचा, मी टाइप करतो."

निकालबाईनं कपाटातून वह्या काढल्या. ती वाचत गेली, सर बडवत गेले. पाऊण तासानं सरांनी बटण दाबलं आणि पडदा रंगला. हिरवा, पिवळा, हिरवा, पिवळा. लाल घर एकही नाही.

"हे कसं काय?" सर पुढे वाकले. "या वर्गातली अकरा मुलं वार्षिकला नापास झाली होती ना? आणि ही बघा तुमची नात. पास होती की बाई! सगळीकडे सात, सात, सात."

वीसपैकी सात म्हणजे बरोब्बर पस्तीस टक्के. निकालबाईनं वही खिडकीकडे नेली आणि पान उन्हाला तिरकं धरलं. निळ्या शाईच्या सातखाली पुसलेल्या पेन्सिलीचा ठसा होता. तीन. पुढच्या घरात सात, खाली चार. पुढे सात, खाली दोन.

आता हे गुपित नव्हतं. शिक्षक आधी पेन्सिलीनं गुण मांडायचे, मग शाईनं पक्के करायचे. चाचणीत मूल नापास झालं की त्याचे जादा तास घ्यावे लागायचे आणि त्या तासांचा वेगळा तक्ता भरावा लागायचा. तो तक्ता कोण भरणार? निकालबाई. म्हणून दर चाचणीनंतर हीच शिक्षकांच्या खोलीत जायची, हातात खोडरबर घेऊन. "चाचणीच आहे हो, सात करून टाका. पोराचंही मन राहतं, तुमचाही त्रास वाचतो." वार्षिकचे पेपर मात्र दुसरे शिक्षक तपासायचे. तिथे हिचा रबर पोचत नव्हता.

आणि ठमीच्या तीनचा सात झाला, त्या दिवशी तिला हायसं वाटलं होतं. तेही आठवलं.

"बाई? पाणी आणू?"

"नको. कागद आणा."

पत्र तिनं हातानंच लिहिलं. टाइप केलेलं पत्र आपलं वाटत नाही म्हणाली. सुरुवात नीट जमली: इयत्ता नववी, दोन्ही तुकड्या, पहिले सत्र, गणित, विज्ञान आणि भाषा एवढ्यापुरताच डॅशबोर्ड करून पाहावा. फायदे लिहिले: घसरणारे मूल तीन दिवसांत दिसेल, शिक्षकांना त्याच गुणांच्या तीन तीन बेरजा कराव्या लागणार नाहीत, पहिल्या चाचणीत लाल असलेल्यांपैकी दुसऱ्या चाचणीत किती वर आले हे मोजता येईल, आणि कोणीच वर आले नाही तर हा उद्योग सत्राअखेर बंद करावा. कोणी बघायचं तेही लिहिलं: मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक सगळं, विषयशिक्षक आपला विषय. भिंतीवर काही लावायचं नाही.

मग लागणारी माहिती. हजेरी क्रमांक, तुकडी, विषय, चाचणीची तारीख, एकूण गुण, महिन्याची हजेरी. इथवर पेन सरळ चालला. पुढच्या ओळीला अडला. ही ओळ नाही लिहिली तर परवानगी चुटकीसरशी मिळेल आणि पडदा सगळा हिरवा-पिवळा दिसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ठमी पुन्हा वर्षभर सात, सात, सात करत जाऊन शेवटी दाखला घेऊन घरी येईल.

तिनं लिहिलं: 'मिळालेले गुण पेन्सिलीतले, म्हणजे मुळात दिलेले. शाईतले चालणार नाहीत. कारण शाईतले गुण आजवर माझ्या सांगण्यावरून वाढवले गेले आहेत.' खाली सही केली.

मुख्याध्यापकांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्या ओळीवर बोट ठेवूनच बसले.

"बाई, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत तुमची. हे कशाला लिहून दिलंत?"

"न लिहून भागत असतं तर नसतं लिहिलं सर."

"हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, शाळा खोटे गुण देते."

"शाळा नाही, मी. तसंच लिहिलंय. कोंबडं झाकून उजाडायचं थोडंच राहतंय?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "आणि नात कुठल्या तुकडीत?"

"अ."

"गुण भरणार कोण?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"मग अ तुकडी नाही. ब वर करून बघा एक सत्र."

निकालबाई उभी होती ती खुर्चीचा हात धरून. "सर, पुढच्या सत्रापर्यंत उशीर होईल तिला. तुम्हाला माहितेय."

"माहितेय, म्हणूनच नको म्हणतोय. उद्या तुमच्या नातीचं घर लालचं पिवळं झालं, तर या कागदानंतर कोण विश्वास ठेवेल त्यावर? आणि तिच्यावर नाही ठेवला, तर बाकीच्यांवरही नाही ठेवणार."

सव्वीस वर्षं खाडाखोडीवरून ती इतरांना जे सुनावत होती, तेच आज तिला कोणी सुनावत होतं, आणि तिच्याहून मऊ आवाजात.

"दोन्ही तुकड्या हे शब्द तुम्हीच खोडा," ते म्हणाले, "आणि बाजूला छोटी सही करा."

तिनं खोडलं. बाजूला छोटी सही केली.

पहिल्या चाचणीनंतर ब तुकडीत चौदा लाल घरं निघाली. चौदा! वर्गशिक्षकांनी कपाळाला हात लावला, पण लावला तो तिसऱ्या दिवशी, मार्चमध्ये नाही. दुसऱ्याच आठवड्यात जादा तास सुरू झाले. त्यांचा तक्ता निकालबाईनंच भरला, निमूट.

मग ती गणिताच्या बाईंकडे गेली. दोन्ही तुकड्यांना गणित त्याच शिकवत. शिक्षकांच्या खोलीत कोणी नाही असं बघून तिनं विचारलं, "अ तुकडीची वही जरा दाखवता? मला भरायची नाही, नुसती बघायचीये. ठमीचे पेन्सिलीतले."

"ब च्या वहीत ठेवलेत हो, तुमच्या त्या डॅशबोर्डासाठी." बाईंना अवघडल्यासारखं झालं. "अ मध्ये मी यंदापासून पेन्सिलच सोडली. नापास असला की सरळ शाईनं सात. तुम्हीच म्हणायचात ना, दोनदा काम कशाला?"

"आणि पेपर?"

"मुलांना देऊन टाकले. तिच्याकडे असेल."

संध्याकाळी ठमी दप्तर टेकवून पाणी पीत होती. आजीनं ओट्याला टेकून विचारलं, "गणितात किती गं?"

"सात."

"पेपर कुठाय?"

"हरवला."

आजी रागावली नाही. रागावण्याचा हक्क आपण खोडरबरानं पुसलाय, हे तिला ठाऊक होतं. तिनं टेबलावरची भांडी बाजूला सारली, कापड फिरवलं आणि खुर्ची ओढली.

"पुस्तक आण. एक गणित माझ्यासमोर कर."

"तुला कुठे येतं हे गणित, आजी?"

"मला नाहीच येत. तुला येतं का, तेवढं बघायचंय."

ठमीनं पुस्तक आणलं, वही उघडली, पेनचं टोपण काढलं. गणित उतरवून घेतलं, सुबक अक्षरात, खाली रेघ मारून. मग पेन कागदाला टेकवून तशीच बसली. शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. तिनं मान न उचलता म्हटलं, "आजी, मला पहिली पायरीच माहीत नाही. कधीच नव्हती."

मागच्या निकालानंतर ती बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. आजीनं आपला हात तिच्या वहीवरच्या हातावर ठेवला. त्या पहिल्या पायरीबद्दल सांगण्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं.