ताईने ओलांडलेला चौक

वाहतूक सर्वेक्षणाच्या कचेरीत त्याला सगळे मोजणीदादा म्हणत. सिनेमा सुटला तरी बाहेर पडणाऱ्यांपैकी डावीकडे वळले किती, सरळ गेले किती, हे तो मोजत उभा राहायचा. जित्याची खोड, दुसरं काय. आकड्यांवर त्याचा इतका विश्वास, की बायको रागावली तरी तो विचारायचा, "गेल्या आठवड्यापेक्षा जास्त की कमी?"

थोरल्या बहिणीने मात्र त्याला पेचात टाकलं. ताईचं घर चौकाच्या अलीकडे आणि शिवणाचं दुकान पलीकडे. गुडघे दुखरे, आणि गाड्या काही थांबत नव्हत्या. दुकान बंद करायची पाळी आली होती.

"तुझं खातं आमचा चौक मोजणार आहे ना? मग चालणाऱ्यांसाठी सिग्नल दे," ताई म्हणाली.

"मी कोण देणारा? आकडे देतात. तुमच्याकडे ओलांडणारं कुणी दिसतच नाही."

"दिसणार कसं? भीतीने कुणी ओलांडतच नाही."

पटलं त्याला. पण जे ओलांडत नाहीत त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. मग त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. मोजणीचा दिवस ताईच्या कानावर घातला.

त्या दिवशी सकाळी ऐन गर्दीच्या तासाला ताई शेजारच्या काकू-मावश्यांची फौज घेऊन उतरली. सगळ्या पलीकडे गेल्या, अलीकडे आल्या, पुन्हा गेल्या. हॉर्न वाजले, शिव्या पडल्या. मोजणारी माणसं दर पंधरा मिनिटांचा आकडा भरत होती. संध्याकाळच्या गर्दीतही तेच. मोजणीदादा हसू दाबत उभा होता.

अहवाल साहेबांपुढे गेला. साहेबांनी तो चौक आजवर गाडीच्या काचेतूनच पाहिला होता.

"अरे वा, पादचारी प्रचंड आहेत की," साहेब म्हणाले. मोजणीदादाची कळी खुलली.

"म्हणजे अडथळा सापडला. यांच्यासाठी सिग्नल दिला तर गाड्या थांबणार, त्यांची रांग मागच्या चौकापर्यंत जाणार. दुभाजकावर उंच कठडा घाला आणि यांच्यासाठी वरून पूल."

"साहेब, म्हातारी माणसं... जिना..."

"जिना असणारच. पूल आहे तो."

कठडा झाला, पूलही झाला. ताई दोनदा पहिल्या पायरीपर्यंत जाऊन परत आली. काकू-मावश्यांनी तर तेवढंही केलं नाही. नियमाप्रमाणे पुन्हा मोजणी झाली. रस्त्यावरून ओलांडणारे शून्य, पुलावरून जाणारे नावाला, आणि गाड्या सुसाट.

"पादचाऱ्यांचा प्रश्न मिटला," साहेबांनी शेरा मारला. खाली मोजणीदादाची सही हवी होती. आकडे खरे होते, त्याने केली. करताना त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी तो टेम्पो घेऊन ताईच्या दुकानावर गेला. शिलाई मशीन चढवलं, पाटी काढली. लांबच्या वळणावरून फिरून टेम्पो घराशी आला, तेव्हा ताई दारातच बसली होती. तिने मशीनवरची धूळ पदराने पुसली.

"तुझी मेहनत फुकट नाही गेली हो," ती म्हणाली. "टेम्पो कुठे अडला नाही."