कूस बदललेली कळत नाही

एका छोट्या गादी कंपनीत मी नोकरीला होते आणि कोथरूडला एकटीच खोली घेऊन राहत होते. वेबसाइटवरचा मजकूर लिहायचा आणि ग्राहकांचे फोन घ्यायचे, हे माझं काम.

आमची सर्वांत खपणारी गादी सहा इंची होती. खाली चार इंच घट्ट फोम, वर दोन इंच मेमरी फोम, म्हणजे अंगाच्या उबेने हळूहळू दबणारा. मी लिहिलं होतं : 'ना फार मऊ, ना फार कडक. शंभर रात्री झोपून पाहा. नाही पटली तर कारण न विचारता परत घेऊ, पूर्ण पैसे देऊ. डाग मात्र नसावेत. शेजारच्याने कूस बदलली तरी तुम्हाला कळणार नाही.' शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.

एका दुपारी एका वयस्कर काकूंचा फोन आला. गादी परत करायची होती.

"कडक वाटते का, काकू?"

"छे. पाठदुखी थांबली माझी."

"मग?"

"ह्यांना विसरण्याचा आजार आहे. रात्री उठतात आणि दार उघडून चालायला लागतात. जुनी स्प्रिंगची गादी होती, ते जरा हलले की मला जाग यायची. हिच्यावर काहीच कळत नाही. परवा वॉचमनने खालून आणून सोडलं त्यांना."

मी त्यांची ऑर्डर उघडून परतीची नोंद केली.

"तुम्ही लिहिलंय तसंच झालं हो," त्या म्हणाल्या. "तक्रार नाही माझी."

गुंडाळून आलेली गादी आता पुन्हा खोक्यात कशी घालायची, ही त्यांची काळजी. "घालू नका, मावणारच नाही. आमची माणसं तशीच नेतील," मी म्हटलं. स्प्रिंगच्या गाद्या आम्ही विकत नव्हतो. दुकानात जाऊन एका कडेला आडवं व्हा, दुसऱ्या कडेवरून काकांना उठायला सांगा, हादरा जाणवला तरच घ्या, असं सुचवलं.

संध्याकाळी मजकुरात भर घातली : 'रात्री शेजारी कोण उठतंय यावर लक्ष ठेवायचं असेल, तर ही गादी घेऊ नका.'

साहेबांनी वाचलं. "गिऱ्हाईक हाकलायचा पगार देतो का आपण?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "राहू दे," म्हणाले.

पैसे पोचले का हे विचारायला मी नंतर काकूंना फोन केला. पोचले होते. नवी गादी कुरकुरते, म्हणाल्या. काका उठले की त्या हात धरतात, पाणी देतात, परत निजवतात.

"तुमच्या शेजारी कोण असतं गं?"

"कोणी नाही. एकटीच असते."

"बरं," त्या म्हणाल्या. मीच फोन ठेवला. लगेच दुसरा वाजला. कुणाला तरी उशी उघडल्यावर परत करता येते का, हे विचारायचं होतं. येत नाही, म्हणून सांगितलं.