कंपनीच्या कपाटातला पासपोर्ट

कतारला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत आम्हा सगळ्यांना रांगेत बसवलं आणि समोर कागदांचा गठ्ठा ठेवला. जिथं पेन्सिलीची फुली होती तिथं सही करायची. मी केली. त्यातल्या एका कागदावर वर अरबी आणि खाली बारीक इंग्रजी होतं. वाचायला कुणी सांगितलं नाही आणि मीही वाचला नाही. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात नऊ वर्षं पाईप फिटर म्हणून काढल्यावर माणसाला फुलीवर सही करायची सवय लागते. पासपोर्ट त्यांनी घेतला, रहिवासाचं कार्ड काढायला लागतो म्हणून. त्यात खोटं काही नव्हतं. दीड महिन्यानं कार्ड आलं, पासपोर्ट मात्र आला नाही.

मला त्याचं काही वाटलं नाही. खोलीत आम्ही सहा जण होतो, कुणाचाच पासपोर्ट कुणाकडं नव्हता. पगार वेळेवर व्हायचा. कंपनीच्या गाडीवर रोह्याचेच एक चाचा ड्रायव्हर होते, वीस वर्षांपासून तिथं. ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "पासपोर्ट मागू नको. मागितला की साहेब विचारतो, का पाहिजे? मग सगळे तुझ्याकडं चोरासारखं बघतात."

दोन वर्षं मी मागितला नाही.

एका बुधवारी दुपारी चिलर प्लांटमध्ये, म्हणजे इमारतींना थंड पाणी पुरवणाऱ्या प्लांटमध्ये, काम चालू असताना बायकोचा फोन आला. कामाच्या वेळेला ती कधी फोन करत नसे. माझं गाव खांब, महामार्गावरचं. तिथं घरी आई, वडील आणि ती. वडिलांना दोन दिवस दम लागत होता, त्या दिवशी सकाळी रोह्याच्या दवाखान्यात नेलं होतं.

"डॉक्टर म्हनतात, पोराला बोलवून घ्या," ती म्हणाली.

"असं म्हणाले?"

"असंच म्हनाले. बाबा पन विचारतायत. कवा येताय?"

मी म्हणालो, उद्या-परवा निघतो. तेव्हा ते मला खरंच वाटत होतं.

गुरुवारी सकाळी कचेरीत गेलो. कामगारांचं बघणारा साहेब आपल्याच देशाचा होता, हिंदी बोलायचा. त्यानं ऐकून घेतलं, वाईट वाटल्यासारखा चेहराही केला. मग म्हणाला, शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं, काम संपेपर्यंत रजा नाही. मी म्हणालो, रजा बिनपगारी द्या. तो म्हणाला, मग दोन जामीन आण. दोन कामगारांनी लिहून द्यायचं की तू परत येशील, नाही आलास तर ते जबाबदार. तोवर पासपोर्ट कपाटात राहील.

"साहेब, पासपोर्ट माझा आहे."

त्यानं फाईल काढली, एक कागद माझ्याकडं वळवला. खाली माझी सही. "तूच विनंती केलीयस, कंपनीनं सांभाळावा म्हणून. आम्ही कुठं जबरदस्ती केली?"

सही माझीच होती. बाहेर आलो. कचेरीच्या काचेतून ते राखाडी लोखंडी कपाट दिसत होतं. माझ्यात आणि माझ्या बापात समुद्र नव्हता, तेवढं एक कपाट होतं.

शुक्रवार-शनिवार सगळं बंद. ते दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. फाटकाला कुलूप नव्हतं, दुकानात जाता येत होतं, हॉटेलात चहा पिता येत होता. तिकिटापुरते पैसे होते. तरी घरी जाता येत नव्हतं. विमानं डोक्यावरून जायची आणि मी खाली बघायचो. बायको व्हिडिओ कॉल लावून फोन वडिलांसमोर धरायची. त्यांच्या नाकातोंडावर मास्क होता. ते हातानं विचारायचे, कधी? मी म्हणायचो, निघतोय, कागद व्हायचेत. ते मान हलवायचे. त्यांनी जन्मभर भातशेती केली होती. तलाठ्याकडचे कागद उशिरा होतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असेल.

शनिवारी चाचा माझ्या खाटेवर येऊन बसले.

"पूर्वी खुरूज लागायचा," ते म्हणाले. खुरूज म्हणजे देशाबाहेर जायचा मालकाचा परवाना. "माझी अम्मी गेली तवा मालकानं तो दिला नाय. आता तो कायदा गेला. आता तुला जायला कंपनीची परवानगी लागत नाय. फक्त पासपोर्ट लागतो."

"तोच तर नाय."

"म्हनून त्यांनी तोच धरून ठेवलाय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "उद्या आपल्या दूतावासात जा. माझं नाव सांगू नको."

रविवारी माझी दुपारची पाळी होती. सकाळी दूतावासात कामगारांच्या तक्रारींच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी पासपोर्टची प्रत आणि नोकरीचा करार मागितला. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. भरतीच्या वेळी सगळं पेणच्या एजंटकडं राहिलं होतं. मी बायकोला फोन केला. वडिलांना आईवर सोपवून ती एसटीनं पेणला गेली. एजंट रविवारीही बसायचा. तो आधी म्हणाला, फाईल जुनी आहे, सापडणार नाही, आणि हा कंपनीचा मामला आहे. ती त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली ती उठलीच नाही. तिचं माहेर जोह्याचं, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. ओला शाडू वाळेपर्यंत थांबायचा धीर तिच्या हाडात आहे. एजंटनं तासाभरानं फाईल काढली. तिनं प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलवर पाठवला.

बाईंनी ते बघितलं. मी त्यांना सहीच्या कागदाचं सांगितलं, मान खाली घालून.

"त्यात लाजण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या. "इथला कायदा सांगतो, रहिवासाचं काम झालं की मालकानं पासपोर्ट परत द्यायचा. कामगारानं लेखी विनंती केली तरच ठेवता येतो. आणि तेव्हाही, कामगारानं मागितला की द्यावाच लागतो. तुम्ही विनंती केली होती ना? आता ती मागे घ्या."

"एवढंच?"

"लेखी मागे घ्या. आणि एक लक्षात ठेवा. पासपोर्ट कंपनीचा नाही आणि तुमचाही नाही. तो भारत सरकारचा आहे, तुम्हाला वापरायला दिलेला."

मग त्यांनी बजावलं. रजा वेगळी आणि पासपोर्ट वेगळा. रजा कंपनी नाकारू शकते आणि तुम्ही तरीही गेलात तर नोकरीचं काय होईल ते सांगता येत नाही. पण रजा नाही म्हणून पासपोर्ट अडवता येत नाही. जामीन मागता येत नाही. आणि पाळी चुकवू नका, नाहीतर पळून गेल्याची तक्रार करतील आणि सगळं उलटं तुमच्यावर येईल. मी विचारलं, दूतावास दुसरा कागद देईल का? देऊ, त्या म्हणाल्या, पण तो फक्त एकदा घरी जायचा कागद. त्याला वेळ लागेल, आणि परत इथं यायचं अवघड होईल. आधी हा मार्ग करून बघा.

त्यांनी दोन ओळींचं पत्र सांगितलं, मी लिहिलं. विनंती मागे घेतो, पासपोर्ट आज द्यावा. तिथून कंपनीच्या कचेरीत जाऊन दिलं. साहेबानं वाचलं, बाजूला सरकवलं. पोच द्यायला नकार दिला. मी त्याच्यासमोरच फोटो काढून त्याला मेसेजवर पाठवला. त्यानं बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. "फार शिकलास," तो म्हणाला. मी वेळेत पाळीवर गेलो.

पासपोर्ट दिला नाही तर पुढं काय करायचं तेही बाईंनी सांगितलं होतं: सोमवारी सकाळी इथल्या गृह खात्याच्या कचेरीत तक्रार द्यायची. मला अरबी येत नव्हतं. फाटकाबाहेर टॅक्सी बघत उभा होतो, तेवढ्यात कंपनीची गाडी येऊन थांबली. चाचा होते. "बस," ते म्हणाले.

"तुमची नोकरी, चाचा."

"बस म्हनतो ना."

कचेरीत टोकन घेतलं. बाकावर आम्ही दोघं. समोरच्या पाटीवर आकडा सरकत होता. माझ्या आधी सात जण असताना फोन वाजला. बायकोचा नंबर. मागं आई रडताना ऐकू आली.

"गेले?"

"व्हय," ती म्हणाली. "आताच."

मी टोकन हातात धरून बसून राहिलो. मनात आलं, आता कशाला? उठून खोलीवर जावं. चाचांना माझ्या तोंडावरूनच कळलं. त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, पोलिसानं धरावं तसं.

"उठायचं नाय," ते म्हणाले. "अम्मीच्या वेळेला मी उठलो होतो."

माझा आकडा आला. चाचांनी अरबीत सांगितलं, मी पत्र, फोटो, प्रती पुढं केल्या. अधिकारी तरुण होता. त्यानं एकच विचारलं, पासपोर्ट लेखी मागितला का आणि कधी. मग तिथूनच कंपनीला फोन लावला. बोलणं मिनिटभराचं. चाचांनी मला सांगितलं, "म्हनाला, उद्या सकाळी पासपोर्ट घेऊन या, नायतर कंपनीवर केस."

मंगळवारी साहेब स्वतः त्या कचेरीत पासपोर्ट घेऊन आला. कपाटाच्या वासाचा, पातळसा पासपोर्ट. पाच दिवस जे अशक्य होतं त्याला दोन मिनिटं लागली. रजेच्या अर्जावरही त्यानं सही केली, जामिनाशिवाय. तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. आली ती चीड, आणि तीही माझ्यावरच.

संध्याकाळच्या विमानानं निघालो. खांबला पोचलो तो तिसरा दिवस. चुलतभावानं अग्नी दिला होता. मला मिळालं ते राख सावडायचं काम. आईनं एकदाही विचारलं नाही की उशीर का झाला. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "कागद व्हायचे होते गो त्याचे."

मी परत गेलो. घर चालवायचं होतं आणि करार शिल्लक होता. साहेबानं पुन्हा तोच कागद पुढं केला, सांभाळायला. मी सही केली नाही. महिन्याभरात माझी बदली वाळवंटातल्या लांबच्या साईटवर झाली. कायद्यात त्याला बदली म्हणतात, शिक्षा नाही. आमच्या मजल्यावरच्या चौघांनी माझं पत्र उतरवून घेऊन पासपोर्ट मागितले आणि त्यांना मिळाले. बाकीचे म्हणाले, बघू.

चाचांना मी दोनदा पत्र लिहून दिलं. फक्त सही करायची होती. दुसऱ्यांदा त्यांनी ते नीट घडी घालून खिशात ठेवलं.

"घेऊन काय करू?" ते म्हणाले. "माझं तिकडं आता जायचं कोनाकडं?"

पुढच्या जुम्याला मी साईटवरून आलो, तेव्हा ते गाडी धूत होते. पत्राचं काय केलं, ते मी विचारलं नाही.