साडूच्या नाकातले थेंब

मी कुस्तीच्या मैदानाचा निवेदक. ऊस आणि दोन म्हशी एवढा प्रपंच असला, तरी सातारा-सांगलीच्या गावांत मला ओळखतात ते आवाजावरून. पैलवान आखाड्यात उतरला की त्याचं गाव, त्याची तालीम, त्याच्या वस्तादाचं नाव मी एका दमात सांगायचो. माझा साडूही निवेदक. त्याची बायको ही माझ्या बायकोची धाकटी बहीण. माइक कसा धरायचा हे त्याला मीच शिकवलं होतं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर मला साधी सर्दी झाली. आठवड्यात नाक वाहायचं थांबलं, ताप तर नव्हताच. पण घशाच्या मागं काहीतरी चिकटून राहिलं. गिळलं तरी जात नव्हतं, थुंकलं तरी येत नव्हतं. दर दोन वाक्यांनी खाकरावं लागायचं. सकाळी उठलं की दहा-पंधरा मिनिटं नुसता खोकला. बायको चुलीपुढून म्हणायची, "आवं, एकदा दाखवून या की. म्हसरंबी बुजाय लागली."

मी मेडिकलमधून नाक मोकळं करायचे थेंब आणले. टाकले की नाक खुलायचं, दोन-तीन तासांत पुन्हा बंद. म्हणून पुन्हा टाकायचे. असे पंधरा-वीस दिवस गेले आणि औंधाकडच्या एका गावचं यात्रेचं मैदान आलं.

माइकवर खाकरणं लपत नाही. कर्ण्यातून ते सगळ्या माळावर जातं. मोठ्या कुस्तीची जोड पुकारताना मी तीनदा अडकलो. साडू शेजारीच उभा होता. त्यानं माझ्या हातातून माइक घेतला आणि हुबेहूब माझ्यासारखा खाकरला. "मंडळी, पावण्यांच्या घशात कोंबडं अडाकलंय!" सगळं मैदान हसलं. हलगीवाल्यानं त्या खाकरण्यावर ठेका धरला. पोरं घरी जाईपर्यंत खाकरत होती.

तेही मी गिळलं असतं. पण महिन्याभरात हातातली तीन मैदानं गेली. एका गावच्या यात्रा कमिटीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "तुमच्या साडूनंच सांगितलं, घशाचा कॅन्सर हाय म्हणून. विश्रांती घ्या गड्या. लेकरंबाळं हायती."

तो शब्द माझ्याआधी घरी पोचला होता. बायको न्हाणीत तोंडावर पदर धरून रडत होती. हे रडणं तिच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं घरात आणलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं, ह्याची परतफेड करायची.

दुसऱ्याच दिवशी मिरजेला गेलो. नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई होत्या, तोडून बोलणाऱ्या. नाकातून बारीक दुर्बीण घालून त्यांनी पडद्यावर मलाच माझा घसा दाखवला. नाकामागून पातळ चिकट धार घशाच्या भिंतीवरून खाली उतरत होती. भिंतीवर लाल दाणे उठले होते. स्वरतंतू थोडे सुजलेले, पण गाठ नाही, जखम नाही.

"कॅन्सर?" मी विचारलं.

"कुठंय? तुम्हीच बघा. सर्दी गेली, पण नाकाचं अस्तर अजून सुजलेलं आहे. पाणी पुढून यायचं ते मागून घशात उतरतंय. रात्री आडवं झालात की तिथं साठतं, म्हणून सकाळचा खोकला. खाकरलात की घसा सोलवटतो, मग तो आणखी चिकट पाणी करतो आणि तुम्ही आणखी खाकरता." मग त्यांनी माझ्या खिशातली बाटली बघितली. "हे किती दिवस टाकताय?"

"दीड महिना झाला."

"हे थेंब तीन-चार दिवसांचे असतात. त्याच्यापुढं टाकले तर औषधाचा जोर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं. निम्मा रोग ह्या बाटलीत आहे. आजपासून बंद."

त्यांनी रोजचा दुसरा फवारा दिला. बाटलीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडं नको, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेनं धरायचं. तो लगेच नाही, हळूहळू काम करतो. उकळून गार केलेल्या पाण्यात मिठाची पुडी टाकून सकाळ-संध्याकाळ नाक धुवायचं. खाकरावंसं वाटलं की घोटभर कोमट पाणी प्यायचं, नाहीतर नुसतं गिळायचं. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, उशी थोडी उंच, विडी बंद. "आवाज बसलेलाच राहिला, गिळताना दुखलं, रक्त पडलं, तर थांबू नका, लगेच या."

थेंब सोडल्यावर पहिले आठ दिवस नाक दगडासारखं बंद होतं. तोंड उघडं टाकून झोपायचो. मग एका सकाळी उठलो, चहा प्यालो, आणि बायको म्हणाली, "आज खोकला न्हाई आला." पुरतं बरं व्हायला दीडेक महिना लागला. पण गेलेली मैदानं परत आली नाहीत. कमिट्यांना साडूची सवय झाली होती.

दिवाळीनंतर त्याच्या पोराचं जावळ होतं. आम्ही गेलो. साडू माणसांच्या पाया पडत होता आणि मध्येच तोंड फिरवून खाकरत होता. मी कान टवकारले. सर्दी होऊन गेली होती म्हणे. जेवणं झाल्यावर त्यानं खिशातून बाटली काढली. तीच. मान मागं टाकून दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले.

"किती दिवस झालं?" मी विचारलं.

"धा-बारा. लय भारी औषध हाय पावणं. टाकलं की लगीच मोकळं."

मला सगळं माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "मोकळं होतंय न्हवं? मग टाक की."

महिन्यानं पाटणकडच्या मैदानात मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसलो. साडूनं पहिली जोड पुकारली आणि अडकला. खाकरला. पाणी प्याला, पुन्हा खाकरला. माळावरून कुणीतरी ओरडलं, "कोंबडं!" आणि हशा उठला. मला इतकं बरं वाटलं, की मी हसलोही नाही, नुसता बघत राहिलो. निम्म्या कुस्त्या व्हायच्या होत्या. कमिटीवाले मला बोलवायला आले. मी माइक घेतला आणि शेवटच्या जोडीपर्यंत एकदाही न अडकता बोललो.

माणसं पांगल्यावर साडू आला. डोळ्यांत भीती होती. "पावणं, मला काय झालं असंल? रात्रीचं झोप न्हाई. कॅन्सर तर नसंल?"

"सांगतो. आधी त्या अध्यक्षांना फोन लाव, आन् माझ्या कॅन्सरची बातमी कुणी पिकवली ते सांग. माझ्यासमोर."

त्यानं मान खाली घातली. मग फोन लावला आणि स्पीकरवर सांगितलं, "ते मी खोटं बोललो हुतो." पलीकडं म्हाताऱ्यानं फोन ठेवला. मग मी साडूला बाटली गटारात टाकायला लावली, मिरजेचा पत्ता दिला, आणि पहिले आठ दिवस किती जड जातील तेही सांगितलं.

तो बरा झाला. पण डॉक्टरीणबाईंनी त्यालाही तेच सांगितलं, आणि त्यानं घरी जाऊन हिशोब लावला. मेहुणीचा मला फोन आला. "दाजी, जावळादिशी तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् तरीबी 'टाक' म्हणालासा?"

"व्हय."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर ती आमच्या घरी आलेली नाही. बहिणी-बहिणी फोनवर बोलतात, मी खोलीत आलो की बायको आवाज लहान करते. बायको मला एवढंच म्हणाली, "त्यानं माझ्या बहिणीचं घर नासवलं न्हवतं. त्यानं माझं नासवलं हुतं. तुमी दोघींचं नासवलं."

पण पाटणच्या माळावरचा तो हशा आठवला, की आजही मला गोड झोप लागते.