उष्णतेचा धडा एका पानात

माझी शाळा सातवीलाच सुटली. पुढचं जे काय शिकले, ते मुलांच्या पुस्तकांतून, भाजी निवडता निवडता. लांबलचक धड्याचं एक पान करायची खोड मला तेव्हाच लागली. वर मुद्दे, मध्ये नावं दिलेली आकृती, खाली येऊ शकतील असे प्रश्न. मुलं आपापल्या वाटेला लागली, खोड राहिली. आता पनवेलच्या आमच्या गल्लीतली पोरं परीक्षा जवळ आली की पान मागायला येतात, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा तोराच होता.

उरणहून आमच्या दारावर मासे घेऊन येणारी बाई आहे, तिची मुलगी एकोणीस वर्षांची. दहावीला बाकी सगळे विषय सुटले, विज्ञान दोनदा राहिलं. द्रोणागिरीच्या एका गोदामात ती खोकी बांधते. तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं की ऑगस्टअखेर दहावी पास दाखव, तुला स्कॅनिंगच्या टेबलावर बसवतो, नाहीतर जागा दुसरीला. म्हणून जुलैची पुरवणी परीक्षा. सुट्टीच्या दिवशी ती एसटीने यायची आणि मी तिला एकेक पान द्यायची.

उष्णतेचा धडा मी शेवटी घेतला. काय छाटला होता म्हणून सांगू! सोळा मुद्दे, एकेका ओळीत. पाण्याचे असंगत आचरण दाखवणाऱ्या उपकरणाची आकृती: उंच भांड्यात पाणी, मधोमध भांड्याभोवती बर्फ-मिठाचं मिश्रण, वर एक तापमापी, खाली एक. शेजारी लिहिलं, ‘शेवटी खालचा ४ अंश, वरचा ० अंश.’ झालं. स्वतःवरच खूश.

पेपर बुधवारी होता. आदल्या रविवारी मी तिला माझेच प्रश्न घातले, पुस्तक मिटून, घड्याळ लावून. व्याख्या तिने फडाफड लिहिल्या. आकृतीत बर्फ-मीठ बरोबर जागी दाखवलं, आणि आकडे उलटे घातले. वरचा चार, खालचा शून्य. ‘कारण सांगा’चे तिन्ही प्रश्न कोरे.

मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, पानावर लिहिलेलं दिसलं नाही का?

तिने पेन खाली ठेवलं. “दिसला ना काकू. पण का चार, ता कुठं लिवलंय? मना वाटला, थंड ता तळाला जाणार.”

मी माझं पान हातात घेतलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. एकाही मुद्द्यात ‘कारण’ नव्हतं. जागा वाचवायला मी नेमकं तेच कापलं होतं, आणि परीक्षेत तेच विचारतात. पेपरला मध्ये दोनच दिवस, तेही तिच्या ड्युटीचे. तिला नापास करायची सोय मीच करून ठेवली होती की.

ती पिशवी आवरायला लागली. म्हणाली, नाय जमाचा, खोकी काय, बांधीन अजून. मी तिला उठू दिलं नाही. चहा ठेवला आणि सुचेल ते विचारलं, तुझ्या आईच्या माशांच्या खोक्यात बर्फ वितळून पाणी साचतं, तेव्हा बर्फ कुठे असतो?

“वरती. तरंगतो.”

“पाण्यापेक्षा तो थंड, मग तळाला का जात नाही?”

ती हळूच म्हणाली, हलका हाय म्हणून. मी पुस्तक उघडून तिच्यापुढे सरकवलं. चार अंशाला पाणी सगळ्यात जड, म्हणून ते तळाला बसतं. त्याहून थंड झालं की पुन्हा फुगतं, हलकं होतं, वर राहतं. तिने स्वतःच आकडे खोडले, बदलले आणि बाणाने कारण लिहिलं. मग माझ्या सोळा मुद्द्यांपुढे आम्ही सोळा ‘का’ लिहीत बसलो. वितळेपर्यंत बर्फ शून्य अंशालाच का राहतो, हे तिने मला न विचारता लिहिलं: मिळालेली उष्णता वितळण्यात खर्च होते, तोच अप्रकट उष्मा. एक पान होतं त्याची अडीच झाली. शेवटच्या एसटीला जेमतेम पोचली ती.

बुधवारी मी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी पेपर सुटायच्या तासभर आधीच जाऊन उभी. ती बाहेर आली ती मान खाली घालून, प्रश्नपत्रिका चाळत.

“आकृती नाय आली काकू,” म्हणाली. “बर्फ का तरंगतो, ता आला.”

“काय लिहिलंस?”

“आईचा खोका आठवला, न् पुस्तकातला लिवला.”

विज्ञानात ती काठावर सुटली. टेबल मिळालं. आता गल्लीतली पोरं कुरकुरतात की आजींची पानं लांबली. लांबू देत.