उघाडी, झाकणी नव्हे

हरेश म्हात्रेला एक खोड आहे. कुठलीही महाग वस्तू दिसली की त्याला ती तोलून बघावीशी वाटते. त्याचा चुलतभाऊ नवा मिक्सर घेऊन आला तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि याने मिक्सर वजनकाट्यावर ठेवून तांबं किती, प्लास्टिक किती, लोखंड किती असा हिशेब मांडला. वर म्हणाला, माल एवढ्याचा, मग बाकीचे पैसे गेले कुठे ते शोधलं पाहिजे. चुलतभावाने दोन महिने त्याच्याशी अबोला धरला होता. बायको अनिता तर पाहुण्यांना आधीच बजावते, दागिने दाखवा पण ह्यांच्यासमोर नको.

तरी हरेश कंजूष नाही हं! रोह्याजवळच्या एका कारखान्यात तो सव्वीस वर्षं फिटर होता. पंप, वॉल्व, पाइप उघडायचे, साफ करायचे, पुन्हा बसवायचे. त्या कामाने त्याला एक गोष्ट शिकवली होती: वस्तूच्या पोटात शिरल्याशिवाय तिच्या किमतीवर विश्वास ठेवायचा नाही. आता नोकरी सोडून तो रोह्याजवळच वरसे गावात निवांत राहतो. निवांत म्हणजे, दोस्त शिवाच्या भंगाराच्या वखारीत सकाळपासून ठाण मांडून बसतो.

त्याचं मूळ गाव पेणकडच्या खाडीकाठचं. तिथे त्याची थोरली बहीण हौसा राहते. बासष्ट वर्षांची, सडपातळ, आवाज मात्र बांधापलीकडे ऐकू जाईल असा. तिची तीन एकर भातशेती बांधाच्या आत आहे आणि बांधाबाहेर खाडी. बांधाच्या पोटातून दोन फुटी सिमेंटचा नळ गेलाय आणि त्याच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी फळी बसवलेली. तिलाच गाव उघाडी म्हणतं. भरती आली की हौसा फळी खाली सोडायची, ओहोटी लागली की वर ओढायची. गेल्या पावसाळ्यात ती फळी कुजून फुटली आणि खारं पाणी आत शिरलं. खालच्या अंगाच्या पाच शेतांत मीठ बसलं. तिथे आता दोन-तीन वर्षं भात होणार नाही. हौसाचं शेत जरा उंचावर, म्हणून तेवढं वाचलं.

यंदा गावच्या शेतकरी समितीने बाहेरच्या एका कंपनीकडून नव्या दाराचा भाव मागवला. कागद आला एक लाख ऐंशी हजारांचा. तो बघून समितीचा अध्यक्ष गोविंदा हबकलाच. एवढ्यात कोळंबीचे तलाव करणारा एक माणूस येऊन बसला होता. त्याला बांधाच्या आतली सगळी चाळीस एकर जमीन पंधरा वर्षांसाठी भाड्याने हवी होती. तलावात खारंच पाणी लागतं, तेव्हा दाराची कटकटच मिटली! लोकांनाही ते पटायला लागलं होतं. मेच्या अखेरीच्या सभेत निकाल लावायचा ठरलं. जमीन एकसंध हवी, हौसाचे तीन एकर मधोमध, म्हणजे सगळ्यांनी हो म्हटलं की तिचं नाही कोण ऐकणार?

तिने हरेशला फोन केला. रडली नाही, हौसा रडणाऱ्यांतली नाही. एवढंच म्हणाली की तू सगळ्यांच्या वस्तू तोलतोस, आता ही एक तोल.

हरेशने कंपनीचा कागद शिवाच्या वखारीत गोणीवर पसरला आणि एकेक ओळ वाचत गेला. जाड पोलादी दार. ते वर-खाली करायला मोटर. मोटरला वीज द्यायला सौर पट्टी आणि बॅटरी. मोटरला कधी चालायचं ते सांगायला पाण्याची पातळी मोजणारं यंत्र. हे सगळं चोरीला जाऊ नये म्हणून कुलपाची लोखंडी पेटी. पेटी उभी करायला सिमेंटचा चौथरा. वाचता वाचता हरेशला हसू आवरेना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

मग त्याने कागद उलटा केला आणि पाठीमागे पहिल्यापासून मांडलं. दार हलवायला जोर लागतो. तो जोर खाडी दिवसातून दोनदा फुकट देते. कमरेएवढं पाणी चढलं तरी दोन फुटी तोंडावर अडीचशे-तीनशे किलोचा दाब येतो. मग मोटर कशाला? पाणी चढलं हे दाराला कोणी सांगायचं? पाणीच सांगतं, ढकलून. म्हणजे यंत्र गेलं. मोटर गेली की सौर पट्टी आणि बॅटरीही गेली. ती गेली की चोर येत नाही, पेटी गेली. पेटी गेली की चौथरा गेला. उरलं काय? वरून टांगलेलं एक झाकण, खाडीच्या बाजूने. बाहेरचं पाणी वाढलं की ते तोंडावर दाबून बसेल, आतलं पाणी वाढलं की बाहेर उघडेल. शिवा म्हणाला, मग एवढा वेळ कागद कशाला वाचत होतास? हरेश म्हणाला, काय लागत नाही ते कळायला वाचावाच लागतो.

आठ दिवसांत त्याने दार बनवलंही. आणि इथे आपल्या हुशार फिटरने माती खाल्ली. कारखान्यात आयुष्यभर त्याने गळती थांबवली होती, म्हणून त्याच्या डोक्यात एकच, की खारं पाणी थेंबभर आत जाता कामा नये. बारा मिलिमीटरचा पोलादी पत्रा घेतला, छत्तीस किलोचा. नळाच्या तोंडाला खालून वीतभर बाहेर कललेली चौकट केली, म्हणजे दार आपल्या वजनाने दणकून तिच्यावर बसेल. बिजागरीची कांडी अशी घट्ट बसवली की हलवायला दोघे लागावेत. फिटरला ढिलं काम म्हणजे शिवीच.

दार गावी नेऊन नळाला लावलं. भरतीला ते असं बसलं की आत एक ओघळ आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोविंदाने तर हरेशच्या खांद्यावर हात टाकून फोटोही काढून घेतला. मग ओहोटी लागली, आणि पाऊस पडल्यावर काय होईल ते बघायला त्यांनी तळ्याचं गोडं पाणी पंपाने आतल्या चरात सोडलं. चर भरत गेला. दार दोन बोटं किलकिलं झालं आणि तिथेच अडलं. बारीक धार लागली. ओहोटीची वेळ संपून खाडी परत चढायला लागली तरी चर अर्धासुद्धा रिकामा झाला नव्हता. श्रावणात असं झालं तर भाताची रोपं पाण्याखाली कुजतील, हे सांगायला कोणी शहाणा लागत नव्हता. नाकापेक्षा मोती जड, असं कोणीतरी मागून म्हणालं आणि लोक पांगले.

हरेश बांधावर मान खाली घालून बसला. त्याला खरोखर लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती. बहिणीची जमीन आपल्या हाताने घालवली असं त्याला वाटलं. हौसा शेजारी येऊन बसली.

"हरेशा, हिला काय म्हणतान रं गावात?"

"उघाडी."

"मंग? उघाडी हाय ती, झाकणी नाय. झाकायचं काम खाडी करते. हिचं काम उघडायचं."

हरेशने डोक्याला हात लावला. जन्मापासून तो शब्द तोंडात होता, आणि कधी तोलला नव्हता! वस्तू काय काम करते हेच चुकीचं धरलं, तर तिचा हिशेब कितीही नीट मांडा, उत्तर चुकणारच. बंद राहायला खाडीचा तीनशे किलोचा जोर होता. उघडायला होतं फक्त चरातलं हातभर पाणी. म्हणजे दार त्या दुबळ्या बाजूच्या बेताने करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वखारीत त्याने भंगार नव्या नजरेने उपसलं. पाण्याच्या एका मोडक्या टाकीचा वीस मिलिमीटर जाड प्लास्टिकचा पत्रा मिळाला. हा पत्रा पाण्यावर तरंगतो. कारखान्यात माल वाहणाऱ्या पट्ट्याचं जुनं रबर मिळालं, ते बुडतं. दोन्ही एकत्र बोल्टने जोडली आणि पिंपात सोडली. दार ना धड तरंगलं ना सरळ तळाशी गेलं, हळूहळू खाली उतरलं. पाण्यात त्याला वजन जवळजवळ उरलंच नव्हतं. प्लास्टिक दाब सोसणार, रबर कड धरून पाणी अडवणार. तिरकेपण वीतभराचं चार बोटांवर आणलं. आणि बिजागरी? तेच रबर वर थोडं लांब ठेवून चौकटीला पट्टीखाली आवळलं. रबरच वाकतं, मग कांडी हवी कशाला? गंज नाही, तेल नाही, अडकणं नाही. शिवाने विचारलं, बिजागरीचे किती लावू? हरेश म्हणाला, जी नाहीच तिचे काय लावणार. चौकट, न गंजणारे बोल्ट, सिमेंट, सगळं धरून सोळा हजार सातशे झाले. त्यात त्याने स्वतःची मजुरी पाच हजार लिहिली. बहिणीकडून घेणार नव्हताच, पण लिहिली. फुकटचा घाम लपवून स्वस्त दाखवलेली वस्तू दुसऱ्या गावाला तेवढ्यात मिळत नाही, असं त्याचं म्हणणं.

सभा बांधावरच भरली, ओहोटीच्या वेळेला. कोळंबीवाला छान पांढरा शर्ट घालून आला होता. चरात पाणी सोडलं. हातभर चढलं आणि दार गुमान बाहेर उचललं गेलं. पाणी धो धो निघालं. ओहोटी संपायच्या कितीतरी आधी चराचा तळ दिसला. मग खाडी चढायला लागली, रबर तोंडाला चिकटलं, आणि आत एखाददुसरा ओघळ तेवढा आला. तेवढ्याने शेताचं काही बिघडत नाही.

पण गोविंदा कच्च्या गुरूचा चेला नव्हे. त्याने विचारलं की कंपनी पाच वर्षांची हमी देते, भंगाराच्या दाराची हमी कोण देणार? मोडलं आणि हरेश वरशाला असला तर? प्रश्न रास्त होता. कोळंबीवाल्याने कागद पुढे सरकवला.

हरेशने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणाला, "मोडेल. तीन-चार वर्षांत रबर फाटेल."

मग त्याने बहिणीकडे बघितलं. हौसाने लुगड्याचा काचा खोचला आणि ती हातात हरेशचा पाना घेऊन चिखलात उतरली. नळाच्या तोंडाशी खाडी अजून गुडघ्यालाच लागत होती, तेवढ्या वेळात आत येईल ते पाणी रिकाम्या चरातच राहणार होतं. तिने पट्टीचे चार नट सोडले, दार काढून बांधावर ठेवलं, रबराचे बोल्ट खोलले, शिवाच्या वखारीतलं दुसरं रबर भोकं जुळवून लावलं आणि सगळं होतं तसं आवळून टाकलं. कोणी घड्याळ बघत होतं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे चाळीस मिनिटं. रबराची किंमत सहाशे रुपये.

वर येऊन ती गोविंदासमोर उभी राहिली. हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. म्हणाली, "ही हमी. आता तुमचा इंजिनेर घेऊन या नि त्याला इचारा, त्याला येतंय का."

गोविंदाला हसू फुटलं. त्याने कोळंबीवाल्याचा कागद घडी घालून अदबीने परत दिला. पाच शेतांचे मालक आधी एकमेकांकडे बघत होते, मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं की मीठ धुऊन जायला खरंच तीन पावसाळे लागतात का, की उघाडी चांगली असली तर दोनच. लगेच त्यावर वाद सुरू झाला. भाताचा वाद! हरेशला तो ऐकून एवढं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

त्याने पाना मागायला हात पुढे केला. हौसाने तो लुगड्याला पुसला आणि कमरेला खोचला.

"हा माझ्याकडंच राहू दे," ती म्हणाली, "शेत माझं हाय."