मास्तरांच्या मशीनमधला कार्बन

राधाकिशन मास्तरांची बोटं कधीच स्वस्थ नसतात. शिरूर कासारला त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं तेव्हापासूनची ही खोड. उजव्या हातात चहा असला तर डावा मांडीवर टाईप करत असतो. मयतीला गेले तरी पाठीमागं बांधलेल्या हातांची बोटं कुणाला तरी अर्ज लिहीत असतात. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालनं गेले. पुढं टाईपरायटर भंगारात गेले, एक तेवढा त्यांनी दारात शोभेला ठेवला, आणि आत कॉम्प्युटर मांडून सेवा केंद्र टाकलं. जात, उत्पन्न, रहिवासी, सगळे दाखले. अकरा वर्षांत सरकारी पोर्टलवर आपल्या आयडीवरनं एक खोटा कागद गेला नाही, हे ते गिऱ्हाइकाला सांगतात, मला सांगतात, बायकोला तर रोज सांगतात. तिनं विचारलेलं नसतं.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे, म्हणून त्या दिवशीचं सगळं मला पहिल्यापासून माहीत.

दिवाळीच्या अलीकडचा आठवडा. ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागलेल्या, आणि दाखल्यांना ही गर्दी. सकाळी तहसीलमधून शिवशंकरचा फोन आला. मास्तरांचाच जुना विद्यार्थी, आता तिथं ऑपरेटर.

"सर, तुमच्या आयडीवरनं उत्पन्नाचे दोन अर्ज आलेत. माणसं आपल्या तालुक्यातली न्हाईत अन् तलाठ्याची सही सरळ सरळ खोटी हाय."

मास्तरांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. त्यांनी तिथंच बसून पासवर्ड बदलला. पाऊण तासात तिसरा खोटा अर्ज गेला. त्यांनी आणखी लांब पासवर्ड ठेवला, त्यात कुलदैवताचं नाव, लग्नाची तारीख आणि दोन चांदण्या. चौथा गेला. शेवटी मी म्हणालो, तुमच्या मशीनला हात लावू नका, आणि माझ्या मोबाईलवरनं नवा पासवर्ड टाकून चिठ्ठीवर लिहून दिला. अर्ध्या तासात पाचवा गेला. आता लोक माझ्याकडंच बघायला लागले.

शिवशंकरचा पुन्हा फोन. "सर, मी पाचपर्यंत आयडी होल्डवर टाकतो, म्हंजे कुणालाच वापरता येणार न्हाई. पाचला उघडीन. त्यानंतर एक जरी खोटा आला, तर साहेब आयडी कायमचा बंद करायला लिहिणार. माझ्या हातात न्हाई मग."

मास्तर खुर्चीत बसले, उठले, टाईपरायटरवरची धूळ पुसली, परत बसले. रांगेत केसरबाई पुढं होती. संध्याकाळी तिच्या टोळीचा ट्रक निघणार होता आणि संस्कृती नावाच्या नातीला वसतिगृहात ठेवायला दाखल्याचा अर्ज आजच जायला हवा होता.

"मास्तर, एवढं बटन दाबायला काय मुहूर्त लागतो का?"

"केसरबाई, माझ्या नावानं कुणीतरी दुसराच बटनं दाबतोय!"

"मग त्याच्याकडूनच घालून घ्या की माझा अर्ज. लई चपळ दिसतो."

मी बीडला अंजलीला फोन केला. ती मास्तरांच्या शेवटच्या बॅचची. आता बसस्टँडजवळ तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. फोनवरच तिनं आधी इंटरनेटची वायर काढायला लावली. दुपारी एकच्या सुमारास पोचली. पाणीसुद्धा न पिता कीबोर्डची वायर मागं कुठं लागलीय ते वाकून पाहिलं, मधे कुणी चोरून काही चिकटवलेलं नाही याची खात्री केली, आणि विचारलं, "सर, महिन्याभरात नवीन काय टाकलं ह्याच्यात?"

मास्तर खाकरले. "फोटोचं. एका पानावर आठ फोटो आपोआप बसवतंय. फुकट व्हतं."

"टाकताना अँटिव्हायरस बंद करा म्हणलं असंल."

"म्हणलं. म्या केला."

"चोर म्हणला कुत्रं बांधा, तुमी बांधलं." मग माझ्याकडं वळून, "मोबाईलवर बदलला तो पासवर्ड ठीक व्हता. सर, खरं सांगा, तो तुमी ह्या मशीनवर टाकून बघितला ना?"

मास्तरांची बोटं थांबली. "एकदाच. चालतो का बघायला."

मला हायसं वाटलं. ते मी लपवलंही नाही.

"सर, तुमी खाली कार्बन घालून टाईप करायचे. वरचा कागद काढून दुसरा घातला अन् कार्बन आतच राहिला तर?"

"दुसऱ्याचीबी नक्कल उठंल."

"तेच व्हायलंय. फोटोवाल्याबरोबर आत एक लपलेला प्रोग्राम आलाय. तुमी जे बटन दाबाल ते तो चोराकडं पाठवतो. पासवर्ड शंभरदा बदला, शंभरदा त्यालाच सांगाल. आधी कार्बन काढू. मग कागद."

मास्तरांना हे असं पटलं की त्यांनी रांगेतल्या चौघांना ते पुन्हा समजावलं. पण पटणं वेगळं आणि बोटं वेगळी. दहा मिनिटांत त्यांचा हात कीबोर्डकडं गेला. अंजलीनं कीबोर्डच काढला आणि केसरबाईच्या मांडीवर ठेवला.

"मावशी, सरांना देऊ नका."

"देते व्हय!" म्हणत केसरबाईनं त्यावर पदर टाकला.

अंजलीनं लोकांच्या कागदांचे स्कॅन तेवढे पेनड्राइव्हवर घेतले, एकही प्रोग्राम घेतला नाही. निवडून पुसायचं तर आत काय राहिलं ते कळणार नाही, म्हणाली. म्हणून सगळी डिस्क कोरी केली. विंडोज आपल्या दुकानातल्या चांगल्या मशीनवर बनवलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवरनं टाकलं, आणि मग इंटरनेटची वायर परत जोडून अपडेट. पडद्यावर टक्के सरकत होते. बारा. चौदा. परत चौदा. मास्तर दारापर्यंत जायचे, घड्याळ बघायचे, परत यायचे. बाहेर ट्रकच्या ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला.

"चौदाच हाय कावून?"

"सर, तुमी बघितलं की ते लाजतंय."

सव्वाचारला अँटिव्हायरस चालू झाला. स्कॅनचा पेनड्राइव्हही तपासून झाला. मगच अंजलीनं कीबोर्ड परत मागितला. मास्तर पोर्टल उघडायला लागले, तर तिनं हात धरला. "आधी ईमेल. पोर्टलचा पासवर्ड विसरलो म्हणलं की नवा तिथंच येतो."

ईमेलमध्ये पासवर्ड परत मिळवायला म्हणून कुणाचा तरी अनोळखी नंबर घालून ठेवलेला निघाला. तो काढला. इतर सगळीकडून लॉगआउट केलं. मेल दुसरीकडं वळवलेत का तेही तिनं पाहिलं. मग मास्तरांनी आम्हा सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं, केसरबाईलाही, आणि नवा पासवर्ड टाकला. पाचला होल्ड निघाला तसा पोर्टलचाही वेगळा टाकला. मी टकटक मोजली. सोळा.

केसरबाईचा अर्ज पाच वाजून सहा मिनिटांनी गेला. ती ट्रककडं धावली. आम्ही बसून राहिलो. साडेपाच. मास्तरांची दहाही बोटं टेबलावर चाललेली, खाली कीबोर्ड नाही, काही नाही. पावणेसहाला फोन वाजला.

"सर, एकच अर्ज आलाय. केसरबाई म्हणून हाय. तुमचाच ना?"

"माझाच," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊला त्यांनी शिवशंकरला फोन केला, आणखी काही आलं का? दहाला केला. अकराला केला. तिसऱ्या दिवशी शिवशंकरनं त्यांचा फोन उचलणंच बंद केलं, तेव्हा कुठं मास्तरांना खात्री पटली की सगळं पूर्ववत झालंय.